फोल्डरचे नियम आणि मिलरचा पेपर

‘रेफरन्स फोल्डरबद्दल. नव्या मुलांनी दोनदा वाचा आणि वाचल्याचं कळवा. हे सुचवलेलं नाही, ठरलेलं आहे.’

लॅबमध्ये रुजू झाल्यावर आलेला हा पहिला मोठा मेसेज. पाठवणाऱ्या आमच्या लॅबमधल्या सगळ्यात सीनिअर. पीएचडी होऊन बरीच वर्षं झालेली, सरांच्या खालोखाल त्यांचाच शब्द. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी नांदेडहून एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून पुण्यात आलेली. रेफरन्स फोल्डर म्हणजे पीडीएफ ठेवायची जागा, एवढीच माझी कल्पना. त्याला नियम कशाला हवेत, हेच मुळात कळेना.

मेसेजमध्ये पुढे होतं ते असं: ‘लॅबचे पेपर फक्त झोटेरोच्या ग्रुप लायब्ररीत. डेस्कटॉपवर, पेनड्राइव्हवर काय ठेवायचं ते ठेवा, पण लिखाणात रेफरन्स द्यायचा तो ग्रुपमधल्या नोंदीचाच. पीडीएफ ओढून टाकायची नाही. आधी डीओआयने नोंद करायची, मग तिला पीडीएफ जोडायची. Delete ला हात लावायचा नाही. टॅग यादीतलाच हवा. प्रत्येक नोंदीखाली टीप हवी: कोणी वाचला, किती वाचला, कशासाठी. जो पेपर स्वतः उघडलेला नाही, त्याचं नाव लॅबच्या कुठल्याही कागदावर नको. थीसिस आणि पुस्तकं टाकू नका, लिंक द्या. जागा माझ्या खात्यातून जाते. फोल्डर बाहेरच्या कोणालाही उघडून द्यायचा नाही.’

मी दोनदा वाचला. ‘वाचला, ताई’ असं कळवलं. समजला मात्र काही नाही. नोंद म्हणजे काय, ती पीडीएफपेक्षा वेगळी कशी, टॅगची यादी कुठे असते, आणि स्वतः उघडलेला नाही असा पेपर माणूस कशाला लिहील? शेजारच्या टेबलावरच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘कर तसं. पुढे कळेल.’ लॅबमधली निम्मी उत्तरं अशीच असतात.

आधी आमच्या कामाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं लागेल. उसाच्या चिपाडातला सेल्युलोज बुरशीच्या एन्झाइमने फोडायचा आणि साखर किती सुटली ते मोजायचं, हे आमचं रोजचं काम. त्या एन्झाइमला सेल्युलेज म्हणतात. साखर मोजायला डीएनएस नावाचा पिवळा रिएजंट वापरतात. साखरेबरोबर उकळला की तो नारिंगी होत होत तांबूस-तपकिरी होतो. रंग जितका गडद, तितकी साखर जास्त. ही पद्धत बीएस्सीपासून सगळ्यांनी केलेली असते, आणि तिच्यापुढे कंसात सगळे एकच नाव लिहितात: मिलर, १९५९. मीही एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये तेच वाचलं होतं. हा मिलर पुढे येणार आहे.

ताईंनी मला आणि माझ्याबरोबर आलेल्या मुलीला पहिलं काम दिलं ते जुन्या फोल्डरचं. ग्रुप लायब्ररी सुरू होण्याआधी लॅबच्या कॉम्प्युटरवर एक साधा फोल्डर होता. पेपर तिथेच साठत गेले होते. ते एकेक करून आत आणायचे. फोल्डर उघडला आणि पहिल्याच फाइलींची नावं दिसली:

```
ac60147a030.pdf
227680a0.pdf
1-s2.0-0003269776905273-main.pdf
DNS method imp.pdf
DNS method imp (1).pdf
```

पहिली तीन पाहून मला वाटलं, कॉम्प्युटर बिघडलाय. ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, ‘ही नावं प्रकाशकाने दिलेली आहेत आणि या पाचांत तीच सगळ्यात चांगली आहेत.’ मग एकेक फोडून दाखवलं. `227680a0` म्हणजे ‘नेचर’चा २२७वा खंड, पान ६८०. `ac60147a030` ही डीओआयची शेपटी. तिच्याआधी अमेरिकन केमिकल सोसायटीचा आकडा लावला की पूर्ण पत्ता तयार होतो, `10.1021/ac60147a030`. तिसऱ्यात जो लांबलचक आकडा आहे, त्यात योग्य जागी रेघा आणि कंस घातले की ब्रॅडफर्डच्या १९७६ सालच्या प्रोटीन मोजण्याच्या पेपरचा डीओआय मिळतो: `10.1016/0003-2697(76)90527-3`. म्हणजे ही अगम्य नावं माणसाला काही सांगत नसली, तरी पेपरपर्यंत नेऊन सोडतात. ‘DNS method imp’ कुठेच नेत नाही. कोणाला महत्त्वाचा वाटला, कशासाठी, आणि त्याचीच दुसरी प्रत का आहे, सगळंच गुलदस्त्यात.

डीओआयचा नियम इथे जरा उलगडला. झोटेरोत वर जादूच्या कांडीसारखं एक चिन्ह आहे. ते दाबून डीओआय टाकला की लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, पानं आपोआप भरून एक नोंद तयार होते. पीडीएफ तिच्या पोटात जाते. याउलट नुसती पीडीएफ ओढून टाकली, तर झोटेरो ती वाचून पेपर कोणता ते ओळखायचा प्रयत्न करतं. नव्या पेपरांत बहुतेक वेळा जमतं. पण जुने पेपर म्हणजे पानांचे फोटो. आत शोधता येईल असा मजकूर नसला तर ओळखणार कशावरून? मग ती पीडीएफ नोंदीशिवाय नुसतीच यादीत पडून राहते. ना लेखक, ना वर्ष. तिचा रेफरन्सही देता येत नाही. ओळखायची खूणही ताईंनी सांगितली: यादीत जिच्या डाव्या बाजूला उघडायचा छोटा बाण नाही आणि लेखकाचा रकाना रिकामा आहे, ती पोरकी फाइल. पोरकी हा शब्द त्यांचाच.

डीओआयने आलेली नोंदही डोळे मिटून ठेवायची नाही, हे त्याच दुपारी कळलं. काही जुन्या पेपरांची शीर्षकं सगळी मोठ्या अक्षरांत येतात. ती शीर्षकावर राइट क्लिक करून Sentence case मध्ये आणायची. का? तर साध्या वाक्यासारख्या शीर्षकातून नियतकालिकाला हवा तो प्रकार झोटेरो स्वतः करून घेतं, उलटं करता येत नाही. बुरशीचं नाव तिरक्या अक्षरांत यायला हवं, म्हणून शीर्षकात ते असं लिहायचं:

```
<i>Trichoderma reesei</i>
```

हे मला सुरुवातीला फारच टापटिपीचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

Delete च्या नियमाने मात्र डोकं खाल्लं. झोटेरोत कलेक्शन नावाचे कप्पे असतात. बाहेरून दिसायला ते फोल्डरच. आमच्याकडे ‘एन्झाइम असे’, ‘चिपाड’, ‘प्रोटीन’ असे कप्पे आहेत. एक पेपर मला ‘चिपाड’मध्ये दिसला, तोच ‘एन्झाइम असे’मध्येही. मी ताईंना म्हटलं, ‘दोन प्रती झाल्यात, एक काढू का?’ त्या म्हणाल्या, ‘दोन नाहीत गं. एकच आहे.’ कप्प्यात पेपर नसतो, पेपराचं नाव असतं. एकाच पेपराचं नाव कितीही कप्प्यांत लिहिता येतं. नको त्या कप्प्यातून नाव खोडायचं, तर मेन्यूत `Remove Item from Collection...` आहे. त्याच्या जवळच असतं `Move Item to Trash...`. त्याने पेपर सगळ्या कप्प्यांतून जातो, आणि ग्रुप असल्यामुळे सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून जातो. आमच्याआधीच्या बॅचमध्ये कोणीतरी साफसफाई म्हणून एक कप्पा निवडून त्यातलं सगळं असं काढलं होतं. ट्रॅशमधून ते परत मिळालं, पण तोवर एका सीनिअरचा थीसिस अर्धा झाला होता आणि वर्डमधले रेफरन्स लायब्ररीत आपल्या नोंदी शोधत होते. वर्डमध्ये आधी टाकलेला रेफरन्स दिसत राहतो, पण मागची नोंद गेली की त्यात केलेली दुरुस्ती आत पोहोचत नाही. हे शेवटच्या महिन्यात लक्षात येतं, असं ताई म्हणाल्या. म्हणताना त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही, पण समोरच्या टेबलावरचा दादा उगाचच उठून पाणी प्यायला गेला.

रेफरन्स ग्रुपमधल्याच नोंदीचा हवा, हाही मला निव्वळ हट्ट वाटला होता. पेपर तोच, मग तो माझ्या लायब्ररीतला असो की लॅबच्या, काय फरक पडतो? फरक ताईंनी एका जुन्या ड्राफ्टमध्ये दाखवला. दोघांनी मिळून लिहिलेला लेख. एकाने मिलर ग्रुपमधून घेतला, दुसऱ्याने स्वतःच्या लायब्ररीतून. ग्रुपमधला पेपर आपल्या लायब्ररीत ओढला की त्याची वेगळी प्रत होते, आणि त्यानंतर दोन्हींचा एकमेकींशी संबंध राहत नाही. झोटेरोच्या लेखी ते दोन निरनिराळे पेपर. त्यामुळे लेखात एका ठिकाणी छापलं ‘Miller, 1959a’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘Miller, 1959b’. यादीत शेवटी तोच पेपर दोनदा, एकाखाली एक. वाचणाऱ्याला वाटावं, मिलरने त्या वर्षी दोन पेपर लिहिले. बाहेरच्या परीक्षकाने नेमकं हेच विचारलं होतं म्हणे.

टॅगची यादी शेवटी सापडली. ती ग्रुपमध्येच एका टिपेत होती. फार मोठी नाही. पण आधी झोटेरोची एक सेटिंग बंद करायची होती. पेपर घेताना प्रकाशकाचे कीवर्ड ते आपोआप टॅग म्हणून लावतं. ती चालू ठेवली की टॅगच्या खिडकीत Cellulose, cellulose आणि CELLULOSE असे तीन वेगळे टॅग होतात आणि शोधणारा बसतो हाका मारत.

टॅग कशाला हवा, शीर्षकात शोधलं तर मिळेल की, असं मी म्हणाले. ताई म्हणाल्या, ‘बरं, मग आपल्या जेलचा पेपर शोध.’ प्रोटीन वेगळी करायची एसडीएस-पेज पद्धत लॅबमध्ये सतत चालते आणि तिचा रेफरन्स असतो लेमली, १९७०. मी शोधखिडकीत gel टाकलं. बरेच पेपर आले, लेमली नाही. SDS टाकलं, नाही. electrophoresis टाकलं, तरी नाही. मग लेखकाच्या नावाने काढला आणि शीर्षक वाचलं. टी-४ नावाच्या विषाणूचं डोकं जुळून येताना त्यातली प्रोटीन कशी कापली जातात, यावरचा तो पेपर! जगभरच्या लॅबमध्ये ज्याच्या नावाने जेल ओततात, त्याच्या शीर्षकात जेलचा उल्लेखच नाही. त्याला हवा होता विषाणू. पद्धत वाटेत सुधारली. ही तीच `227680a0` फाइल. पेपर लेखकाने कशासाठी लिहिला ते शीर्षक सांगतं, आणि आपण तो कशासाठी ठेवलाय ते टॅगने सांगायचं. हा एक नियम मला लगेच पटला.

आता मिलर.

प्रत्येक नोंदीखाली टीप हवी, म्हणून मी जुन्या फोल्डरमधले पेपर एकेक उघडून वाचत होते. `ac60147a030` म्हणजेच मिलर. जाता जाता वाचायचा म्हणून उघडला. तीनच पानांचा आहे. लॅबच्या भिंतीवर, फ्यूम हुडशेजारी, डीएनएस रिएजंट कसा करायचा त्याचा लॅमिनेट केलेला कागद आहे. त्यावर लिहिलंय: पाणी १४१६ मिलीलिटर, डीएनएस १०.६ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइड १९.८ ग्रॅम, ते विरघळल्यावर रोशेल सॉल्ट ३०६ ग्रॅम, वितळवलेलं फिनॉल ७.६ मिलीलिटर, सोडियम मेटाबायसल्फाइट ८.३ ग्रॅम. खाली: Miller, 1959. हे आकडे मी पेपरात शोधायला लागले. मिळेनात. १४१६ कुठेच नाही. मला वाटलं, इंग्रजी कळत नाही म्हणून सुटतंय. पुन्हा वाचलं. मिलरच्या रिएजंटमध्ये डीएनएस १ टक्का, हायड्रॉक्साइड १ टक्का, थोडं फिनॉल, थोडं सल्फाइट. रोशेल सॉल्ट त्यात नाहीच.

नुसतं नाही असं नाही, तर ते नसावं हाच त्याच्या पेपरचा एक मुद्दा आहे. सल्फाइट कशासाठी घालतात? विरघळलेला ऑक्सिजन साखरेला खातो, त्यापासून वाचवण्यासाठी. रोशेल सॉल्ट त्या राखणीत अडथळा आणतं, त्यामुळे थोडी साखर मोजणीतून गळते. पण रंग टिकायला रोशेल सॉल्ट तर लागतंच. मिलर दोन वाटा सुचवतो. एक, ते रिएजंटमध्ये घालू नका, रंग उमटल्यावर वरून घाला. दुसरी, ते आतच ठेवायचं असेल तर नमुन्यात ठाऊक असलेल्या प्रमाणात ग्लुकोज घालून तूट भरून काढा. आणि आमच्या भिंतीवर त्याच्याच नावाखाली ३०६ ग्रॅम रोशेल सॉल्ट रिएजंटच्या पोटात!

नव्या मुलीने भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदाबद्दल शंका काढावी का, हा माझ्यापुढचा खरा पेच. तो कागद माझ्याआधी कितीतरी जण वापरून डॉक्टर झाले होते. एक दिवस गप्प बसले. मग टिपेत लिहिलं, ‘पूर्ण वाचला. रिएजंटसाठी. लॅबच्या शीटवरचं प्रमाण यात सापडलं नाही.’ प्रश्नचिन्हही टाकलं नाही.

ताईंनी ते वाचलं आणि विचारलं, ‘मग कुठे आहे?’ मला वाटलं होतं त्या सांगतील. त्यांनी फक्त टॅग सांगितला, FPase. तो दाबल्यावर आलेल्या पेपरांत एक होता घोष, १९८७. ‘प्युअर अँड अप्लाइड केमिस्ट्री’च्या ५९व्या खंडातला, पान २५७ पासून. सेल्युलेज कसं मोजायचं यावर आययुपॅकने ठरवून दिलेल्या पद्धती. तो मजकूर सिद्ध करणारे टी. के. घोष दिल्लीच्या आयआयटीतले. चिपाडाच्या कामात हा पेपर म्हणजे पंचांग. व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपरची १ बाय ६ सेंटिमीटरची, ५० मिलिग्रॅमची पट्टी, ५० अंश सेल्सिअस, ६० मिनिटं; हे सगळं मी रोज करत होते ते यातलं. आणि त्याच पेपरात डीएनएसची कृती होती. १४१६, १०.६, १९.८, ३०६. एकेक आकडा जुळला. मला शाळेत गणिताचं उत्तर पाठीमागच्या पानावरच्या उत्तराशी जुळल्यावर व्हायचा तसाच आनंद झाला.

म्हणजे कागद चुकीचा नव्हता, त्याच्याखालचं नाव चुकलं होतं. कोणीतरी कधीतरी घोषची कृती उतरवून घेतली, आणि डीएनएस म्हणजे मिलर हे सगळ्यांच्या जिभेवर असल्याने तेच खाली लिहिलं. पुढच्यांनी कागदावरून कागद केला. ‘स्वतः उघडलेला नाही’ या नियमाचा अर्थ मला इथे लागला. पेपर न उघडता माणूस त्याचं नाव कशाला लिहील, तर असं.

मी विचारलं, ‘ताई, मग आपली आतापर्यंतची सगळी रीडिंग्ज?’ त्या म्हणाल्या, ‘स्टँडर्ड कशात लावतेस?’ त्याच रिएजंटमध्ये. ग्लुकोजचं ज्ञात प्रमाण त्याच बाटलीतल्या रिएजंटने, नमुन्यांबरोबर त्याच पाण्यात पाच मिनिटं उकळायचं, थंड करायचं, ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. जी गळती नमुन्यात, तीच स्टँडर्डमध्ये. त्यामुळे रेषेवरून काढलेला आकडा बऱ्यापैकी सावरला जातो. सावरला जात नाही तो खाली, जिथे साखर फार थोडी असते. तिथे आमची रेषा शून्यातून जात नाही, हे मी आधीच पाहिलं होतं आणि पिपेटिंगवर ढकललं होतं. घोषची कृती त्या खालच्या भागात जातच नाही. २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल इतकं एन्झाइम शोधा, असं ती सांगते. तिचे स्टँडर्डही साधारण १ ते ३.३५ मिलिग्रॅमच्या दरम्यानचे. त्याखालचं रीडिंग रेषा लांबवून काढलं, तर ते घोषचंही नाही आणि मिलरचंही नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये ताईंनी हे सरांसमोर मांडलं. सर हसले, म्हणाले, ‘मी पण मिलरच लिहीत आलोय.’ एकाने विचारलं, छापून झालेल्या लेखांचं काय? तिथे थोडा वाद झाला. माझ्या मते एखाद्या ओळीची दुरुस्ती पाठवायला हरकत नव्हती, पण मला कोणी विचारलं नाही. ठरलं एवढंच की यापुढे कृती घोषची म्हणून लिहायची आणि मिलर फक्त जिथे त्याचं म्हणणं वापरलंय तिथे. भिंतीवरचा कागद बदलला.

बाकीच्या नियमांबद्दल थोडक्यात. पीडीएफवर रेघा ओढायच्या त्या झोटेरोच्या आतल्याच वाचकात. तिथे त्या फाइलमध्ये न जाता वेगळ्या साठतात आणि कोणाच्या ते नावासकट दिसतं. बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये रंगवलं तर मूळ फाइलच सगळ्यांसाठी रंगते. थीसिस टाकू नका, कारण ग्रुपमधल्या फाइलींची जागा ग्रुपच्या मालकाच्या खात्यातून जाते आणि फुकट मिळते ती अवघी ३०० मेगाबाइट. ताई पैसे भरून जास्त घेतात, तेही स्वतःच्या खिशातून. शोधगंगेवरच्या थीसिसची लिंक दिली की काम भागतं. आणि बाहेरच्यांना फोल्डर न देण्याचं कारण साधं आहे: पेपर संस्थेच्या वर्गणीतून येतात. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे बरीच नियतकालिकं उघडली, त्यामुळे कॉलेजातल्या मैत्रिणीचा ‘हा पेपर पाठव ना’ हा मेसेजही कमी झाला. तिच्या सरकारी कॉलेजातही तो उघडतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये नव्हती, ती ताईंनी तोंडी सांगितली. फोल्डरमधली पीडीएफ ज्या दिवशी उतरवली त्या दिवशीच गोठते. कोविडच्या काळात ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा एक पेपर २२ मे २०२० रोजी छापला आणि ४ जूनला तो मागे घेतला गेला. मधल्या दिवसांत ज्यांनी तो उतरवून घेतला, त्यांच्या फाइलवर कुठेही तसा शिक्का नाही. ती आजही तितकीच खरी दिसते. नोंद डीओआयने केलेली असली, तर झोटेरो मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीशी ती ताडून पाहतं आणि वर लाल पट्टी दाखवतं. पोरक्या फाइलीला ती पट्टी कधीच येत नाही. आमच्या लायब्ररीत एका पेपरावर ती आहे. तो काढून टाकायचा नाही, असं ताईंनी सांगितलंय. खाली टीप लिहून ठेवायचा, म्हणजे पुढचा माणूस तोच पेपर नवा म्हणून घेऊन येणार नाही.

मिलरखालची माझी टीप आता अशी आहे: ‘पूर्ण वाचला. रोशेल सॉल्ट रंग आल्यावर घालायचं, रिएजंटमध्ये नाही. लॅबच्या शीटवरची कृती यातली नाही, घोष १९८७ पाहा. कमी साखरेच्या नमुन्यांसाठी दोन्ही रिएजंट करून एकाच स्टँडर्डवर पाहायचे आहेत.’ काल झायलनेजवर काम करणाऱ्या मुलाने त्याखाली विचारलं, ‘माझी साखर झायलोज आहे, मग मी कोणतं नाव लिहू?’ त्याखाली ताईंचं उत्तर आहे: ‘Bailey 1992 उघड. वाचून झालं की इथेच लिही.’